ब्लास्ट एका भिंतीत, दरड दुसऱ्या भिंतीची: एका छोट्या दगडखाणीचं प्रकरण

दुपारी १ वाजून ३१ मिनिटांनी ब्लास्ट झाला आणि १ वाजून ४२ मिनिटांनी दरड पडली. मधली ही ११ मिनिटं, आणि त्या वेळात कोण कुठे उभं होतं, एवढंच हे प्रकरण आहे. मी नंतर तिथे बघायला गेलो होतो, दोन दिवस टेप घेऊन फिरलो, सगळ्यांशी वेगवेगळं बसून बोललो. खाणीचं नाव देत नाही. मुद्दा नावाचा नाहीये, आणि अशी मांडणी असलेल्या खाणी मी बऱ्याच बघितल्यात.

आधी जागा डोळ्यासमोर आणा. खड्डा साधारण १२० मीटर लांब, ७० मीटर रुंद. उत्तरेची भिंत चालू, म्हणजे काम तिथेच. पश्चिमेची भिंत जुनी, काही वर्षांपूर्वी तिथला दगड काढून सोडून दिलेली, १३ मीटर उंच आणि सरळसोट, मध्ये एकही बेंच, म्हणजे पायरी, नाही. तिच्या माथ्यावर दोनेक मीटर मुरूम आणि त्याच्यावर आणून टाकलेला टाकाऊ मालाचा ढीग, कारण लांब कोण नेऊन टाकणार. रस्ता आग्नेय कोपऱ्यातून वर चढतो आणि क्रशर रस्त्याच्या वरच्या टोकाला. आता शेड. ब्लास्टरसाठी जाड पत्र्याचं, चॅनेल मारलेलं लोखंडी शेड, ते ठेवलेलं पश्चिमेच्या भिंतीच्या अगदी पायथ्याला, ब्लास्टसाठी मारलेल्या सगळ्यात जवळच्या भोकापासून ६० मीटरवर, दार उलट्या दिशेला. का तिथे? तर भिंतीला पाठ लागली की एका बाजूनं दगड यायचा प्रश्न मिटतो, आणि दुपारी तिथे सावली असते. उडणाऱ्या दगडाचा विचार केला तर एवढं चुकीचं पण नाही ते, आणि म्हणूनच इतकी वर्षं कुणाला खटकलं नाही.

ब्लास्ट लहान होता. जॅकहॅमरनं मारलेली ३४ मिलीमीटरची २४ भोकं, १२-१२ च्या दोन रांगा, खोली २.४ मीटर, पुढच्या मोकळ्या तोंडापासून पहिली रांग मीटरभर आत आणि दुसरी त्याच्या मागे मीटरभर. प्रत्येक भोकात दारूच्या १२५ ग्रॅमच्या ७ कांड्या, वर मीटरभर स्टेमिंग, म्हणजे भोकाचं तोंड ठासून बंद केलेलं. म्हणजे भोकाला ८७५ ग्रॅम आणि एकूण २१ किलो. वरून जुना कन्व्हेअर बेल्ट आणि मातीच्या पिशव्या टाकलेल्या. एवढं वाचून कुणीही म्हणेल की ठीकच आहे की, आणि भोकांपुरतं बोलायचं तर खरंच ठीक होतं, एक गोष्ट सोडून, तिच्याकडे नंतर येतो.

आता वेळ. ब्लास्टिंगची ठरलेली वेळ दुपारी १ ते २, जेवणाची सुट्टी. १ वाजता पहिला भोंगा वाजला तेव्हा मागच्या रांगेतल्या पाच भोकांचं स्टेमिंग अजून बाकी होतं. भोंगा घड्याळ बघून वाजवला होता, काम बघून नाही. लोक निघाले, वर क्रशरपाशी जाऊन बसले. १:०५ ला रस्त्यावर माणूस उभा केला. १:१७ ला स्टेमिंग संपलं, ब्लास्टर आणि त्याचा मदतनीस शेडपाशी आले, लाईन तपासली तर सर्किट पूर्ण दाखवेना. परत गेले, एका भोकाची वायर पिशवी टाकताना तुटलेली सापडली, ती जोडली, परत आले. १:२९ ला सर्किट बरोबर. १:३१ ला उडवला. मध्ये दुसरा भोंगा झालाच नाही, कारण सगळ्यांच्या डोक्यात "भोंगा तर कधीच झालाय".

पहिल्या भोंग्यापासून ३१ मिनिटं. या ३१ मिनिटांत बंद केलेला परिसर हळूहळू गळायला लागला. पोकलेनवाला वर गेला होता, पण त्याचा डबा मशीनमध्ये राहिला होता, मशीन पश्चिमेच्या भिंतीजवळच लावलेलं, तो खाली आला, आणि आता काय कधीही उडेल म्हणून शेडकडेच गेला. ड्रिलिंगचा एक हेल्पर वर गेलाच नव्हता, तो कंप्रेसरची होज गुंडाळत राहिला, आणि वायर दुरुस्त करून येणाऱ्या ब्लास्टरनं त्याला बघितलं तेव्हा म्हणाला, "आता वर कुठं जातोस, ये इकडं." म्हणजे ज्या शेडमध्ये दोन माणसं मावतात तिथे चौघं झाले. ब्लास्टर आणि मदतनीस आत. पोकलेनवाला आणि हेल्पर बाहेर, शेडच्या कडेला भिंतीला टेकून, पायथ्यापासून जेमतेम दीड-दोन मीटरवर.

वर क्रशरपाशी काय चाललं होतं ते पण ऐका. रजिस्टरमध्ये लिहिलंय की खड्ड्यातली माणसं ९, ब्लास्टर आणि मदतनीस सोडून ७ बाहेर, अंतर ३०० मीटर. प्रत्यक्षात बाहेर ५. मोजणी कशी झाली म्हणून विचारलं तर फोरमन सरळ म्हणाला, "मी हाक मारली, सगळे आले का रे, कुणीतरी हो म्हणालं." रस्त्यावर उभा केलेला माणूस वरून येणाऱ्या गाड्या अडवत होता. चालत खाली जाणारा आपलाच पोकलेनवाला त्यानं अडवला नाही, कारण त्याला सांगितलं होतं "गाड्या थांबव", आणि त्यानं गाड्या थांबवल्या.

ब्लास्ट झाला. एकही दगड लांब गेला नाही, बेल्टखालीच सगळं फुटून बसलं. बाहेर उभ्या दोघांना शेडच्या पत्र्यावर टिकटिक सुद्धा ऐकू आली नाही. १:३६ ला धूळ बसली तसा ब्लास्टर एकटा पुढे गेला, नियम म्हणून. त्यानं फुटलेल्या मालाचा ढीग बघितला, न फुटलेलं भोक आहे का बघितलं, वायरी बघितल्या. ते त्यानं नीट केलं. पण तो भिंत बघत नव्हता, आणि पश्चिमेची तर त्याच्या पाठीमागेच राहिली. १:३८ च्या सुमारास मदतनीसाला वरून बारीक खडे पडताना दिसले, मूठभर, थांबून थांबून. तो मला म्हणाला, "दादा, मला वाटलं ब्लास्टची धूळ आहे, खाली बसतीये." त्यानं हेल्परला म्हटलंही, अंगावर माती पडतीये बघ. हेल्परनं डोकं झटकलं. १:४० ला ब्लास्टरनं हात केला आणि वरून ऑल क्लिअरचा भोंगा झाला. पोकलेनवाला दोन पावलं पुढे होऊन मशीनकडे निघाला आणि त्यामुळे वाचला. १:४२ ला शेडच्या डावीकडची भिंत सुटली.

नंतर मोजलं तेव्हा १२ घनमीटरच्या आसपास माल, म्हणजे तीसेक टन. त्यातला बहुतेक पायथ्यापासून ६ मीटरच्या आत पडला, एक मोठा तुकडा घरंगळत ११ मीटरवर गेला. हेल्परची मांडी मोडली आणि पाऊल चिरडलं, जीव वाचला कारण मोठा दगड आधी शेडच्या खांबावर आदळला आणि फुटून बाजूला झाला. पोकलेनवाल्याला खरचटलं. मदतनीस शेडमध्येच होता, त्याला काही झालं नाही.

इथे एक गोष्ट थांबून सांगावीशी वाटते. दरड पडल्या पडल्या बाकीचे सगळे त्याच भिंतीखाली धावले. कुणी वर बघितलं नाही. मी कुणाला दोष देत नाहीये, समोर माणूस ओरडतोय तेव्हा कोण वर बघतो. चार-पाच मिनिटांत त्याला ओढून मोकळ्या जागेत नेला, आणि २ वाजून ५ मिनिटांनी त्याच खाचेतून अजून चारेक घनमीटर खाली आलं, त्याच जागेवर. तेव्हा तिथे एक बूट आणि पाण्याचा कॅन होता. पहिली दरड पडली की खाचेच्या वरचा भाग लोंबकळत राहतो, त्याचा खालचा आधारच गेलेला असतो, त्यामुळे लगेचचा काळ जास्त वाईट. निदान एका माणसानं लांब उभं राहून नजर फक्त भिंतीवर ठेवायची आणि खडे गळताना दिसले की ओरडायचं, एवढं तरी जमलं पाहिजे.

मालकाचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच. ब्लास्ट उत्तरेला, दरड पश्चिमेला, ती पण ११ मिनिटांनी, मग संबंध काय? प्रश्न वाजवी आहे, म्हणून मी उत्तर भिंतीतच शोधलं. खाच लांबून दुर्बिणीनं बघितली, फोटो मोठे करून बघितले. दगड दोन सांध्यांवरून सुटला होता, दोन्ही सांधे एकमेकांना छेदून खड्ड्याकडे उतरणारे, म्हणजे मध्ये बसलेलं पाचरच. त्या सुटलेल्या पृष्ठभागाचा साधारण दोन तृतीयांश भाग तपकिरी, गंजल्यासारखा, काही ठिकाणी चिखलाचा थर आणि केसासारखी मुळं. उरलेला एक तृतीयांश ताजा करडा, धारदार. हे वाचायचं कसं? तपकिरी भाग खूप आधीपासून उघडा होता, त्यातून पाणी जात होतं, तिथे दगडाला दगड चिकटलेला नव्हताच. अख्खं पाचर धरून ठेवलं होतं ते त्या ताज्या तुकड्यानं, आणि तो परवा-काल तुटलाय.

मग बाजूनं वर माथ्यावर गेलो. कडेपासून २.२ मीटर आत गवताखाली भेग सापडली, ९ मीटर लांब, रुंदी जास्तीत जास्त ४ सेंटीमीटर, काठी घातली तर हातभर आत जाते. अपघाताच्या तीन दिवस आधी जोरात पाऊस झाला होता आणि टाकाऊ मालाच्या ढिगाचा उतार नेमका भेगेकडे, म्हणजे पाणी सरळ आत. ढिगाचं वजन वेगळंच. ती भेग एका दिवसात पडलेली नाही, तिच्या काठावर गवताची मुळं आरपार ताणलेली दिसत होती. महिन्यातून एकदा जरी कुणी तिथून चाललं असतं तरी दिसली असती. पण चालू भिंत उत्तरेची ना, तपासणी रजिस्टरमध्ये फक्त तिचीच नोंद.

आता ती राहिलेली गोष्ट. २४ च्या २४ भोकं एकाच क्षणी उडवली होती, सगळे डेटोनेटर साधे, डिलेवाले नाहीत. डिले म्हणजे काही मिलीसेकंदांच्या फरकानं दोन-दोन भोकं उडवायची. लांबच्या भिंतीला बसणारा हादरा एकूण दारूवर तितका ठरत नाही जितका एका क्षणी उडणाऱ्या दारूवर ठरतो. दोन-दोन भोकं उडवली असती तर एका क्षणाला १.७५ किलो, इथे उडाली २१ किलो, म्हणजे बारा पट. हादऱ्याचा अंदाज घेताना अंतराला या वजनाच्या वर्गमुळानं भागतात, त्या हिशोबानं ६० मीटरवरच्या भिंतीला जो हादरा बसला तो डिले लावून तोच ब्लास्ट साधारण १७ मीटरवर घेतल्यासारखा. अंतरासोबत हादरा किती झपाट्यानं कमी होतो त्याचा नेहमीचा घातांक १.६ धरला तर हादरा सातेक पट. प्रत्येक खाणीतला दगड वेगळा, त्यामुळे सातचा आकडा कुणी कोरून ठेवू नका, पण दुप्पट-तिप्पटचा मामला नाही एवढं कळतं. शिवाय दोन्ही रांगा एकदम उडाल्या की मागच्या रांगेला सरकायला मोकळं तोंडच मिळत नाही, तिचा जोर दगड फोडण्याऐवजी मागे आणि बाजूला जमिनीत जातो. अशीच पद्धत या खाणीत कायम होती. म्हणजे त्या भिंतीनं असे किती हादरे खाल्लेत त्याची मोजदाद नाही, हा त्यातला शेवटचा.

११ मिनिटांचं काय मग? हादरा संपतो एका सेकंदाच्या आत. पण त्यानं तो ताजा तुकडा एकदम तुटायची गरज नाही, त्याला तडे गेले की पुरतं. मग वजन उरलेल्या भागावर येतं, तो थोडा अजून तडकतो, पाचर मिलीमीटरभर सरकतं, कडेचे बारीक तुकडे चिरडून गळतात, आणि हे वाढत वाढत एकदम सुटतं. १:३८ ला पडणारे खडे म्हणजे हेच होतं. पाऊस आणि ढीग नसता तर कदाचित त्या दिवशी नसती पडली, आणि ब्लास्ट नसता तर कदाचित पुढच्या पावसात रात्री पडली असती. मी अहवालात असंच लिहिलं, की ब्लास्टनं वेळ ठरवली, दरड आधीच तयार होती. मालकाला ते आवडलं नाही, विमावाल्यांना पण नाही.

परिसर बंद करताना त्यांच्या डोक्यात एकच धोका होता, उडणारा दगड. त्यासाठी भोकांभोवती गोल काढला आणि त्या गोलाच्या आत एक आडोसा दिला. पण गोलाचा हिशोब भोकांपासून, आणि दरडीचा हिशोब भिंतीपासून. पहिला काही सेकंदांत संपतो, दुसरा ब्लास्टनंतर सुरू होतो. आम्ही बसून खाणीचा नकाशा कागदावर काढला आणि त्यावर दोन रंग वापरले. लाल गोल सगळ्यात कडेच्या भोकापासून ३०० मीटर, मधल्या भोकापासून नाही. आणि प्रत्येक उभ्या भिंतीच्या पायथ्याला पिवळा पट्टा, भिंतीच्या उंचीइतका रुंद, म्हणजे पश्चिमेला १३ मीटर. ११ मीटरवर गेलेला तो तुकडा त्यात बसतो, पण तळाला उतार असेल तर तुकडा अजून लांब जातो, तिथे पट्टा वाढवायचा. कागद पुरा झाला तेव्हा शेड पिवळ्या पट्ट्याच्या बरोबर मध्ये. फोरमन बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "ते मीच ठेवून घेतलं होतं तिथं."

शेड आता खड्ड्यात नाहीच. लांब केबल घेतली आणि उडवायची जागा रस्त्याच्या वळणावर, लाल गोलाच्या बाहेर नेली. केबलचा खर्च बघून कुरकुर झाली, पण मालकानं घेतली. भोंग्याचा क्रम बदलला. शेवटच्या भोकाचं स्टेमिंग झाल्यावरच पहिला भोंगा, घड्याळात काहीही वाजलेलं असो, आणि २ वाजेपर्यंत जमलं नाही तर जेवणाची सुट्टी वाढते, परिसर उघडत नाही. सर्किट नादुरुस्त निघालं आणि कुणालाही परत आत जावं लागलं तर क्रम मोडला असं धरायचं, माणसं परत मोजायची आणि भोंगा पहिल्यापासून. लोकांची मोजणी हाकेनं नाही, क्रशरपाशी खिळ्यांची फळी आहे, प्रत्येकाचा पत्र्याचा बिल्ला, खाली उतरताना लावायचा आणि वर आल्यावर काढायचा. फळीवर दोनच बिल्ले उरले पाहिजेत, आणि ते दोघं उडवायच्या जागेवर आले की तेही काढायचे. पहिल्या आठवड्यात दोनदा तिसरा बिल्ला उरला. एकदा माणूस घरी गेला होता आणि एकदा खरंच खाली झोपला होता.

ब्लास्टनंतर ब्लास्टर आता आधी चढणीवरूनच चारही भिंती नजरेखालून घालतो, पंधरा मिनिटं थांबून, खडे गळतायत का बघत. मग पिवळे पट्टे टाळून खड्ड्याच्या मधून ढिगाकडे जातो. मिसफायरची, म्हणजे एखादं भोक न फुटल्याची, शंका असेल तर थांबायची वेळ वेगळी आणि जास्त, ती या पंधरा मिनिटांत मिसळायची नाही. हे पंधरा मिनिटांचं बंधन शंभर टक्के नाही हे सगळ्यांना सांगून ठेवलंय, दरड तासाभरानं पण येऊ शकते, म्हणून पिवळा पट्टा ब्लास्ट नसतानाही बंदच आहे. तिथे पायथ्यापासून ८ मीटरवर मोठ्या दगडांचा कमरेइतका बांध घातला, म्हणजे घरंगळणारं अडेल आणि माणूस पण सहज पलीकडे जाणार नाही.

भिंतीचं काम सगळ्यात अवघड गेलं. ढीग आधी हलवला, मागच्या बाजूनं, भेगेच्या जवळ मशीन न नेता. पाणी वळवायला भेगेच्या मागून चर काढला. लोंबकळणारा भाग पोकलेननं बाजूनं, लांब हातानं काढायचा प्रयत्न केला, निम्मा निघाला, उरलेल्याला हात लावायची कुणाची छाती होईना आणि मी पण सांगितलं की राहू दे. पुढे त्या भिंतीत बेंच पाडायचे ठरलेत, पण ते वरून खाली करत यावं लागतं आणि त्यासाठी कडेची जागा सोडवून घ्यायचीये, तोवर पट्टा बंद.

भेगेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या ठोकल्यात, तीन जोड्या, मध्ये अंतर टेपनं मोजायचं, रोज सकाळी आणि प्रत्येक ब्लास्टनंतर. मोजणारा दोर बांधून जातो आणि दोर मागच्या झाडाला. एकदम सुटणारा दगड हे सांगणार नाही, हळू सरकणारा सांगेल. पहिले १९ दिवस तिन्ही आकडे जागचे हलले नाहीत. विसाव्या दिवशी, पावसानंतर, मधली जोडी ३ मिलीमीटर वाढली. त्या दिवशीचा ब्लास्ट फोरमननं स्वतःच रद्द केला, मला नंतर फोन करून कळवलं.